घेऊ की!

काकूंनी माझ्यापुढे चार पानांची प्रिंट ठेवली आणि म्हणाल्या, "हे बघ. सगळे म्हणतात छान. मग बंद का करतात?"

काकू कोथरूडमध्ये डबे करतात. दुपारचा एकच डबा, महिना २,६०० रुपये. चार पोळ्या, भाजी, आमटी, भात, एखादी चटणी किंवा कोशिंबीर. फेब्रुवारीत त्यांचे १४० डबे चालू होते आणि त्याआधीच्या तीन महिन्यांत ३१ बंद झाले होते. लोकांच्या मनात काय आहे ते कळायला हवं, असं त्यांनी पुतण्याला सांगितलं. पुतण्या हुशार. त्याने एका संध्याकाळी बावीस प्रश्नांचा गूगल फॉर्म केला आणि डब्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. ३७ जणांनी भरला. पहिला प्रश्न होता, 'आमच्या डब्याची चव आणि दर्जा तुम्हाला कसा वाटतो?' पर्याय चार: उत्कृष्ट, खूप छान, छान, ठीक. ३७ पैकी ३३ जणांनी 'खूप छान' किंवा त्याच्याही वरचं काहीतरी निवडलं होतं.

प्रश्नावल्या लिहिणं हा माझा पंधरा वर्षांचा धंदा. साबणापासून विम्यापर्यंत सगळ्यांसाठी लिहिल्या आहेत. त्यामुळे मी लगेच पेन काढून 'चव आणि दर्जा' यांना वेगळं करीन, असं काकूंना वाटलं असावं. एका प्रश्नात दोन गोष्टी विचारल्या की उत्तर कशाचं ते कळत नाही, हे खरंच आहे. पर्यायांत 'वाईट' नावाची पायरीच नव्हती, हेही खरं. पण ती डागडुजी झाली. घर कुठे बांधायचं तेच ठरलेलं नसताना खिडक्यांना रंग कुठला, यावर चर्चा करण्यात अर्थ नव्हता.

मी विचारलं, "काकू, लोकांना काय वाटतं ते कळलं, तर तुम्ही काय करणार?"

"काय करणार म्हणजे? सुधारणा करणार."

"कशात?"

"ते लोक सांगतील ना!"

इथे काकू जरा चिडल्या. सगळेच चिडतात. मोठ्या कंपन्यांतले साहेब चिडत नाहीत, हसतात आणि पुढची स्लाइड दाखवतात, एवढाच फरक. 'लोकांना काय वाटतं ते कळलं पाहिजे' असं म्हणणाऱ्या माणसाच्या डोक्यात बहुतेक वेळा एखादा निर्णय अडकलेला असतो. तो स्वतःशी कबूल करायची तयारी नसते, म्हणून प्रश्न लोकांच्या अंगावर ढकलला जातो. तो निर्णय बाहेर काढायला वेळ लागतो. आमच्या धंद्यातला निम्मा वेळ त्यातच जातो आणि त्याचं बिल मात्र कोणी देत नाही.

काकूंच्या बाबतीत चहाचे दोन कप लागले. पोळ्या लाटणारी आणखी एक बाई त्यांच्या ओळखीत होती आणि गुढीपाडव्यापासून येते म्हणत होती. तिला ठेवली तर संध्याकाळचा डबा सुरू करता येणार होता. डबे बंद होतात ते आपण रात्रीचा डबा देत नाही म्हणूनच, अशी काकूंची आतून खात्री होती. आणि तसं नसलं तर बाईचा पगार अंगावर पडेल, ही भीतीही तितकीच होती. बाईला महिनाअखेरीला हो-नाही कळवायचं होतं. म्हणजे 'लोकांना काय वाटतं' याचा मराठीत अर्थ होता: 'मी संध्याकाळचा डबा सुरू करू का?'

मग मी आणखी दोन गोष्टी विचारून घेतल्या. एक, काही झालं तरी काय बदलणार नाही? काकू पटकन म्हणाल्या, मांसाहार नाही आणि डबा पोहोचायची वेळ नाही, कारण पोचवणारा मुलगा दुपारी दुसरीकडे कामाला जातो. ठीक. मग त्या दोन विषयांवर प्रश्न विचारायचा नाही. पुतण्याच्या फॉर्ममध्ये 'मांसाहारी पदार्थ आवडतील का?' असा प्रश्न होता. अकरा जणांनी 'हो' म्हटलं होतं आणि आता ते अकरा जण वाट बघत असणार.

दुसरं, किती डबे मिळाले तर बाई ठेवणं परवडेल? काकूंनी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. संध्याकाळचा छोटा डबा, महिना १,५०० रुपये. शिधा, गॅस, डबे धुणं मिळून ९०० जातात. उरले ६००. बाईचा पगार आणि पोचवणाऱ्याचे पैसे मिळून १५,००० रुपये. म्हणजे २५ डबे. पंचवीसच्या खाली गेलं की पदरचे घालायचे. हा आकडा प्रश्न विचारायच्या आधी कागदावर येणं फार महत्त्वाचं असतं. नंतर ठरवायला बसलं की अठरा आले तरी माणूस म्हणतो, 'अठरा काही कमी नाहीत, हळूहळू वाढतील.'

मग आम्ही जे केलं ते पाहून काकूंना मी वेडी वाटले. त्याच पानावर मी रिकामा तक्ता आखला. डावीकडे कारणं: रात्रीची सोय नाही, दर, चव, घरात बाई ठेवली, तब्येत, इतर. मधल्या रकान्यात किती जणांनी सांगितलं, आणि उजवीकडे 'मग काय करायचं'. आकड्यांची जागा रिकामी ठेवून उजवा रकाना काकूंकडून आधीच भरून घेतला. रात्रीची सोय हे कारण निघालं आणि २५ नावं मिळाली, तर बाईला होकार. 'चव' निघाली तर? काकू म्हणाल्या, "मसाला बदलणार नाही, पण तिखट वेगळं पाठवीन." 'दर' निघाला तर? काकू गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "दर कमी नाही करता येणार." मग दराचा प्रश्न कशाला विचारायचा? तसंही 'दर जास्त वाटतो का?' असं विचारलं की 'हो' येणारच. भाजीवालीपुढे उभं राहून कोणी 'स्वस्त लावलीस गं' म्हणतं का? दर वाढवल्याचा परिणाम बघायचा तर वही बघावी. मागच्या जूनमध्ये काकूंनी २०० रुपये वाढवले होते. त्या महिन्यात नि पुढच्या महिन्यात मिळून चार डबे बंद झाले होते, एरवी होतात तितकेच. ती ओळ आम्ही खोडली.

प्रश्नावलीतली अर्धी गर्दी अशीच कमी होते. जे वहीत आहे ते माणसांना विचारायचं नाही आणि जे बदलणार नाही तेही विचारायचं नाही. बावीस प्रश्नांतले पंधरा तिथेच गळाले.

आता, विचारायचं कोणाला? फॉर्म गेला होता ग्रुपवर, म्हणजे ज्यांचा डबा चालू आहे त्यांना. सोडून गेलेल्यांचं मत राहिलेल्यांना विचारून कसं कळणार? काकूंच्या वहीत ती ३१ नावं होती. त्यावर बोटं ठेवत आम्ही बसलो. पाच परीक्षा देऊन गावी गेलेली मुलं. दोन घरं मुलीकडे कायमची राहायला गेलेली. एक आजोबा वारले होते. राहिले २३. या तेवीस जणांना वैतागानं किंवा विचारपूर्वक डबा नको झाला होता.

मग माझ्या लक्षात आलं की वहीत जेवणाऱ्याच्या नावापुढे ज्याचा नंबर आहे तो वेगळाच आहे. तेवीसपैकी निम्म्या घरांत आजी-आजोबा दोघं किंवा एकटं माणूस होतं आणि पैसे भरणारा मुलगा न्यू जर्सीत, मुलगी बंगळूरला. ग्रुपवर मुलगा-मुलगी होती, आजी नव्हती. म्हणजे 'चव कशी वाटते?' याचं उत्तर ज्याने तो डबा कधी उघडूनही पाहिला नाही त्याने दिलेलं असू शकत होतं. पैसे देणारा आणि जेवणारा एकच आहे, हे आपण न तपासता गृहीत धरतो. लहान मुलांच्या कपड्यांत, शाळांत, औषधांत, सगळीकडे हा घोळ होतो. आम्ही ठरवलं, फोन जेवणाऱ्याला करायचा आणि 'बंद करायचं कोणी ठरवलं?' हेही विचारायचं.

फोन काकूंनी करायचा नाही, हेही ठरलं. ज्या बाईने दोन वर्षं पोळी करून घातली तिला तोंडावर 'पोळी चिवट व्हायची हो' असं सांगणारं माणूस अजून आपल्याकडे जन्माला यायचंय. मी आणि माझी भाची, दोघींनी फोन वाटून घेतले.

आता कुठे मी प्रश्न लिहायला बसले. सोडून गेलेल्यांसाठी पहिला मसुदा सरळ होता: 'तुम्ही डबा का बंद केलात?' हा मी स्वतःच खोडला. मराठीत 'का केलंत?' म्हटलं की जाब विचारल्यासारखं वाटतं. समोरचा बचावाला उभा राहतो आणि सभ्य कारण देतो: 'असंच', 'घरीच करायचं ठरवलं'. शब्दाचा कल किती फरक पाडतो याचं एक जुनं उदाहरण आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असतं. अमेरिकेत डोनाल्ड रग यांनी १९४१ मध्ये ते छापलं. लोकशाहीविरुद्ध भाषणं करायला परवानगी द्यावी का, असं विचारल्यावर ६२ टक्के लोक 'देऊ नये' म्हणाले. अशा भाषणांवर बंदी घालावी का, असं विचारल्यावर 'घालावी' म्हणणारे निघाले ४६ टक्के. परवानगी न देणं म्हणजेच बंदी. पण 'बंदी' हा शब्द उच्चारायला माणूस कचरतो. 'बंद केलात' या शब्दालाही तोच काटा आहे.

म्हणून प्रश्न असा झाला: 'डबा नको असं ज्या दिवशी ठरलं, त्या सुमारास घरात काय घडलं होतं?' यात जाब नाही, आठवण आहे. कारण विचारलं की माणूस ते रचतो. प्रसंग विचारला की सांगायला लागतो आणि कारण त्यातून आपोआप बाहेर येतं. त्याच्या जोडीला दुसरा: 'आता दुपारचं जेवण कसं होतं?' डब्याची जागा कोणी घेतली ते कळलं की डबा कशात कमी पडला याचा अंदाज येतो.

संध्याकाळच्या डब्याचा प्रश्न अवघड होता. पुतण्याच्या फॉर्मात तो असा होता: 'संध्याकाळचा डबा सुरू केल्यास तुम्हाला आवडेल का?' ३७ पैकी २९ हो. काकू त्या २९ वर भाळल्या होत्या. आवडायला काय जातं? 'घेऊ की!' हे आपल्याकडे होकाराचं नाही, सौजन्याचं वाक्य आहे. 'या ना एकदा घरी' म्हणतो तसं. पुढे कधीतरी काय कराल असं विचारलं की माणूस चांगलाच वागतो. काल काय केलं असं विचारलं तर निदान खरं सांगायची सोय असते. म्हणून मी लिहिलं: 'काल रात्री काय जेवलात? कोणी केलं होतं?' आणि त्यानंतर दर, तारीख नि यादी सांगून: 'पाडव्यापासून, १,५०० रुपये आगाऊ, दोन पोळ्या नि एक भाजी. नाव लिहू का?' पेन उचललेलं आहे असं वाटलं की 'घेऊ की'चं 'बघून सांगते' होतं. ते 'बघून सांगते' म्हणजे नाही, असंच आम्ही धरलं.

सहा प्रश्न झाले. ते तसेच घेऊन फोनला बसले असते तर फसले असते. आधी मावशीवर चालवून बघितले. मावशी दुसऱ्या एका बाईंचा डबा घेते, एकटी असते. रीत अशी की प्रश्न विचारायचा, उत्तर घ्यायचं आणि मग विचारायचं, 'तुला हा प्रश्न काय कळला, तुझ्या शब्दांत सांग.'

'डब्यातली भाजी पुरते का?' मावशी म्हणाली, "पुरते." तुझ्या शब्दांत सांग म्हटल्यावर म्हणाली, "पुरते ना. पुरवून खाल्ली की पुरते." म्हणजे भाजी कमीच होती. पण पुरवणं हा तिच्या पिढीचा संस्कार, त्यात तक्रार कसली. तो प्रश्न मी बदलला: 'डब्याच्या जोडीला घरचं काही घेता का? काय?'

'काल रात्री काय जेवलात?' यावर मावशीने मला खरा धक्का दिला. "मी रात्री जेवतच नाही गं." मी खूण करून पुढे जाणार होते, तेवढ्यात तिने सांगितलं, "डब्यातली दीड पोळी ठेवते, ती दुधात कुस्करून खाते." तिच्या लेखी ते जेवण नव्हतं. भात नाही, पान मांडलेलं नाही, म्हणजे जेवण नाही. मी जर 'जेवलात' हाच शब्द ठेवून फोन केले असते, तर निम्म्या म्हाताऱ्या माणसांपुढे 'रात्री जेवत नाहीत' असं लिहून आले असते. प्रश्न झाला: 'काल अंधार पडल्यापासून झोपेपर्यंत काय काय तोंडात टाकलंत?' ऐकायला जरा गावठी आहे, भाची हसली. पण त्याला उत्तरं मिळाली.

तेवीसपैकी १९ जणांशी बोलणं झालं. चार फोन लागलेच नाहीत. चौघांनी घरात स्वयंपाकाला बाई ठेवली होती. तिघांना डॉक्टरांनी मीठ किंवा साखर तोडायला सांगितली होती. तीन घरांची कारणं अगदी वेगवेगळी, त्यातलं एक तर काकूंच्या पोचवणाऱ्या मुलाच्या दुचाकीचं आहे, ते इथे नको. आणि नऊ जण मावशीसारखे निघाले. एक डबा दोन वेळा पुरवणारे. दुपारी दोन पोळ्या, रात्री दोन. साडेअकराला डब्यात बंद झालेली पोळी रात्री आठला चामड्यासारखी होते आणि दात नसलेल्या माणसाला ती तुटत नाही. एका आजींनी सांगितलं, "दिवाळीत मुलगा आला होता. मी पोळी पाण्यात भिजवताना बघितलं त्याने. म्हणाला, असलं कशाला खातेस? त्यानेच बंद केला." इतके दिवस त्या भिजवून खात होत्या. काकूंना एकदाही बोलल्या नव्हत्या.

चालू असलेल्या १४० घरांपैकी वहीतलं दर तिसरं नाव धरून ४६ जणांची यादी केली, ४० जणांशी बोलणं झालं. त्यांत नाव लिहा म्हणणारे निघाले पाच. त्या हिशोबाने १४० मध्ये सतरा-अठरा. सोडून गेलेल्यांतले तीन. सगळं मिळून वीस-एकवीस, तेही सगळ्यांनी शब्द पाळला तर. काकूंनी वहीचं मागचं पान उलटून २५ चा आकडा बघितला, चष्मा काढला आणि बाईला नकार कळवला. मला वाटलं होतं घासाघीस करतील. केली नाही, कारण तो आकडा त्यांच्याच अक्षरात होता.

मी त्यांना टक्के काढू दिले नाहीत. एकोणीस माणसांत एक माणूस म्हणजे पाच टक्के. एका आजोबांचा मूड बदलला की पाच टक्के हलतात. '१९ पैकी ९' असंच म्हणायचं. आणि हे नऊ सोडून गेलेल्यांतले आहेत, राहिलेल्या १४० घरांत किती जण पोळी भिजवतात ते यावरून सांगता येत नाही. ते आम्ही त्या चाळिसांना विचारलं होतं, पण 'डब्यातलं काही रात्रीसाठी ठेवता का?' हा प्रश्न मी सहावा टाकला. नाव लिहायच्या प्रश्नानंतर. तोपर्यंत लोक सावध झाले होते, फोन ठेवायच्या घाईत होते, 'नाही नाही' म्हणून मोकळे झाले. क्रम माझा चुकला. पैशाचं बोलणं सगळ्यात शेवटी, हे मी दुसऱ्यांना शिकवते.

तक्त्यात 'पोळी रात्री कडक होते' अशी ओळ नव्हती. ती 'इतर'च्या खाली पेन्सिलने वाढवावी लागली आणि उजवा रकाना रिकामा होता. काकू बराच वेळ त्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "दशमी." दुधात कणीक भिजवून केलेली दशमी रात्रीपर्यंत मऊ राहते, प्रवासाला न्यायची ती त्यासाठीच. ज्यांना हवं त्यांना दोन पोळ्या आणि दोन दशम्या, असं त्यांनी मार्चपासून सुरू केलं. दुधाचा खर्च डब्यामागे महिन्याला शंभर-सव्वाशेने वाढला, तो त्या सध्या सोसतायत. नऊपैकी तिघं परत आले. बाकीच्यांचं आता दुसरीकडे बस्तान बसलंय.

पुतण्याचा फॉर्म अजून ग्रुपवर वर चिकटवलेला आहे, काढायचा राहिला. परवा काकूंनी मोबाईल माझ्यापुढे धरला. नवीन उत्तर आलं होतं, न्यू जर्सीहून. पोळी भिजवणाऱ्या आजींचा मुलगा. ज्यांचा डबा दिवाळीत बंद झाला त्याच आजी. त्याला ग्रुपमधून कोणी काढलं नव्हतं.

चव आणि दर्जा: उत्कृष्ट. संध्याकाळचा डबा आवडेल का: हो.